चेकलिस्टची ओळ आणि तिच्यामागचा कागद: छोट्या वर्कशॉपसाठी ऑडिटचं भाषांतर

प्रश्न: ओळखीच्या एका छोट्या शिवणकाम वर्कशॉपला त्यांच्या खरेदीदाराने पुरवठादार आचारसंहितेची ऑडिट चेकलिस्ट पाठवली आहे, सगळी इंग्रजीत. मी ती मराठीत करून दिली. शब्द बरोबर आहेत, पण मालक म्हणतात, ‘वाचलं, पण ते येऊन नेमकं काय बघणार ते कळलं नाही.’ भाषांतर कसं करायला हवं होतं?

उत्तर:

चेकलिस्ट ही तपासनीसाने स्वतःसाठी लिहिलेली असते. ‘कामाचे तास कायदा व संहितेनुसार आहेत का?’ ही ओळ वाचली की कोणती वही मागायची, कोणत्या महिन्याची पानं उघडायची, कामगाराला काय विचारायचं हे त्याला प्रशिक्षणातून माहीत असतं. ते सगळं ओळीत नसतं. त्यामुळे ओळीचं कितीही अचूक मराठी केलं तरी मालकाच्या हाती फक्त प्रश्न येतो, तपासणी येत नाही. तुमचे शब्द बरोबर असूनही मालक अडले ते इथे.

मी प्रत्येक मुद्द्याखाली चार गोष्टी लिहितो: नियम काय आहे, कोणता कागद मागतील, कोणती जागा बघतील आणि कोणाशी बोलतील. सगळ्या मुद्द्यांना चारही लागू होत नाहीत. जिथे लागू नाही तिथे ती ओळ गाळायची. मूळ कलमाचा क्रमांक मात्र प्रत्येक ठिकाणी तसाच ठेवायचा, कारण तपासनीस बोलताना आणि अहवालात तोच क्रमांक वापरणार.

हे लिहायला बसण्याआधी वर्कशॉपमधली कागदपत्रं एकदा डोळ्यांखालून घाला. मोठ्या कारखान्यात हजेरीपत्रक, वेतन नोंदवही, उत्पादन अहवाल अशी नावं असतात. छोट्या वर्कशॉपमध्ये ‘मोठी वही’, ‘पीसची डायरी’, ‘उचल लिहिलेली वही’ असं काहीतरी असतं. भाषांतरात त्यांचीच नावं वापरा. ‘वेतन नोंदवही दाखवावी’ असं लिहिलंत तर मालक म्हणतील आमच्याकडे नाही, आणि प्रत्यक्षात ती टेबलाच्या खणात असेल.

आता सर्वात जास्त घोळ होतो तो मुद्दा पूर्ण उलगडून दाखवतो: कामाचे तास आणि ओव्हरटाइम. अनेक खरेदीदारांच्या संहिता एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या कंपन्या, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्थांच्या मंचाच्या बेस कोडवर, म्हणजे त्याच्या मूळ कामगार संहितेवर, बेतलेल्या असतात. तुमच्या चेकलिस्टमधले आकडे त्याच्याशी ताडून बघा. त्या कोडचं म्हणणं थोडक्यात असं: ओव्हरटाइम सोडून आठवड्याचे नेहमीचे तास 48 पेक्षा जास्त नसावेत, ओव्हरटाइम कामगाराच्या मर्जीने असावा आणि त्याला जादा दराने पैसे मिळावेत, कोणत्याही सात दिवसांत ओव्हरटाइम धरून 60 तासांच्या वर काम नसावं, आणि कोणत्याही सात दिवसांत किमान एक दिवस सुट्टी असावी, किंवा कायदा परवानगी देत असेल तर चौदा दिवसांत दोन दिवस. 60 तासांना अपवाद आहे, पण तो एका कारणाने मिळत नाही. कायद्याची परवानगी, कामगारांच्या मोठ्या भागाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेशी मोकळेपणाने झालेला करार, आरोग्य व सुरक्षेची काळजी आणि खरोखरची असाधारण परिस्थिती या चारही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. भाषांतरात त्यांच्यामध्ये ‘किंवा’ पडला की मालकांना वाटतं, मोठी ऑर्डर आली म्हणजे सूट मिळाली. इथे ‘आणि’ पुरत नाही. ‘या चारही गोष्टी असतील तरच’ असं स्पष्ट लिहा.

एक वर्कशॉप समोर ठेवू. चौदा शिलाई कारागीर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जेवणाची अर्धा तास सुट्टी, आठवड्यातून सहा दिवस काम. मालकांच्या मते हे आठ तासांचं काम आहे, म्हणजे आठवड्याला 48. त्यांना कोणी विचारलं की ओव्हरटाइम होतो का, तर ते मनापासून ‘नाही’ सांगतील. पण नऊ ते सहा म्हणजे नऊ तास, अर्धा तास वजा केला की साडेआठ, आणि साडेआठ गुणिले सहा म्हणजे 51. दर आठवड्याला तीन तास ओव्हरटाइम होतो आहे, ज्याला तिथे कोणी ओव्हरटाइम म्हणत नाही आणि ज्याचे जादा पैसेही दिले जात नाहीत. ऑर्डरची घाई असते त्या आठवड्यात पाच दिवस दोन-दोन तास जास्त थांबावं लागतं. मालकांचा हिशोब 48 आणि 10 मिळून 58, म्हणजे मर्यादेच्या आत. तपासनीसाचा हिशोब 51 आणि 10 मिळून 61. एकाच आठवड्याकडे दोघे बघताहेत आणि एकाला तिथे दोष दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही.

यावर मालक म्हणतील की मधे दोनदा पंधरा मिनिटांची सुट्टी असते, ती धरा. ती धरली तर दिवस आठ तासांचा होतो हे खरं. पण छोट्या सुट्ट्या कामाच्या वेळेतून वजा करता येतात की नाही हे तिथल्या कायद्यावर आणि नेमणुकीच्या अटींवर ठरतं, आणि त्यांची कुठेही नोंद नसेल तर त्या होत्या हे दाखवायलाही काही उरत नाही. म्हणून ‘कामाचे तास 48 पेक्षा जास्त नसावेत’ एवढंच भाषांतर पुरेसं नाही. त्याखाली ‘आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ आणि प्रत्येक सुट्टीची वेळ यांवरून ते तास मोजतील’ ही ओळ हवी. या एका ओळीने मालक स्वतः पेन घेऊन गणित करतात, आणि ते त्यांनी ऑडिटच्या आधी केलेलं बरं.

‘कोणत्याही सात दिवसांत’ या शब्दांचं ‘आठवड्यातून एकदा’ असं मराठी सहज होतं आणि तिथे अर्थ निसटतो. समजा, एका आठवड्यात सुट्टी सोमवारी दिली आणि पुढच्या आठवड्यात रविवारी. दोन्ही आठवड्यांत एकेक सुट्टी झाली. पण मधल्या मंगळवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत सलग बारा दिवस काम झालं. कायद्यानुसार चौदा दिवसांत दोन सुट्ट्यांची सवलत नसेल, तर हा सरळ भंग आहे. मी असं लिहितो: ‘कॅलेंडरवर कुठूनही सुरुवात करून सलग सात दिवस मोजले तरी त्यात एक पूर्ण सुट्टी आली पाहिजे.’ वाक्य लांब होतं, पण कॅलेंडर हातात घेऊन तपासता येतं.

जादा दराचं भाषांतर ‘योग्य मोबदला’ असं झालेलं मी वारंवार बघतो. योग्य म्हणजे किती, हे मालक आपल्या मनाने ठरवतात आणि नेहमीच्याच दराने दोन तासांचे पैसे देतात. बेस कोडची शिफारस नेहमीच्या दराच्या किमान 125 टक्के आहे, म्हणजे मराठीत अगदी सोपं: सव्वापट. आणि तिथला कायदा त्याहून जास्त सांगत असेल, समजा दुप्पट, तर दुप्पटच. संहिता आणि कायदा यांत जे कामगाराच्या जास्त फायद्याचं असेल ते पाळायचं, हे तत्त्व बेस कोडमध्येच आहे. ते मालकांना द्यायच्या तुमच्या भाषांतराच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, कारण प्रत्येक मुद्द्याला ते लागू पडतं. पीसवर पैसे देणाऱ्या वर्कशॉपसाठी आणखी एक ओळ जोडा: ‘पीसवर काम असलं तरी आल्या-गेल्याची वेळ लिहिलेली असली पाहिजे, आणि नेहमीच्या तासांत मिळालेली रक्कम किमान वेतनाखाली जाता कामा नये.’ पीसच्या डायरीत तास नसतात, आणि तास नसले की वरचं एकही गणित करता येत नाही.

‘मर्जीने’ हा शब्द मालकांपर्यंत पोचवणं सर्वात अवघड आहे. ‘ओव्हरटाइम ऐच्छिक असावा’ वाचून बहुतेक जण एक छापील संमतीपत्र करतात आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतात. एकाच दिवशी, एकाच पेनने घेतलेल्या चौदा सह्यांवरून तपासनीसाला मर्जी कळत नाही. तो कामगाराला बाजूला घेऊन विचारतो, ‘एखाद्या दिवशी थांबायला जमलं नाही तर काय होतं?’ पैसे कापले जातात का, दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही का, सुपरवायझर बोलतो का, हे त्याला ऐकायचं असतं. म्हणून भाषांतरात ऐच्छिक शब्दाच्या जोडीला हे द्या: ‘कामगार नाही म्हणाला तर त्याचे पैसे, काम किंवा मान यांपैकी काहीही कमी होऊ नये.’

मग कागदांची ओळ. इथे मालकांना सर्वात मोठा धक्का बसतो, कारण त्यांना वाटतं फक्त हजेरी बघतील. तपासनीस हजेरी दुसऱ्या कागदांशी ताडून बघतो. पीसची डायरी, माल तपासल्याची चिठ्ठी, माल बाहेर गेल्याची पावती, सुई तुटल्याची वही. हजेरीत ज्या दिवशी सुट्टी लिहिली आहे त्याच तारखेला सुई तुटल्याची नोंद असेल तर त्या दिवशी मशीन चालू होतं. पाच वाजता सगळे गेले असं हजेरी सांगते आणि रात्री आठच्या पावतीवर माल भरल्याची सही आहे, असंही सापडतं. साधारणपणे मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी तयार ठेवायला सांगतात आणि त्यांतून काही महिने निवडतात: एक अगदी अलीकडचा, एक जास्त कामाचा, एक कमी कामाचा. पत्रकात हे लिहिलं नाही तर मालक मागच्या महिन्याचीच वही झटकून तयार ठेवतात.

हे सांगताना तुमच्यावर एक मोठी जबाबदारी येते. कोणते कागद ताडून बघतात हे कळल्यावर काही जणांना ते कागद जुळवून घ्यावेसे वाटतात; सुट्टीच्या दिवशीची नोंद फाडायची, हजेरी नव्याने लिहायची. तुमच्याकडेच ‘एक नवी वही मराठीत करून द्या’ अशी विनंती येऊ शकते. ती करायची नाही, आणि का नाही हे पत्रकातच लिहायचं. 61 तासांची खरी वही सापडली तर तो दोष ठरतो, सुधारणेसाठी मुदत मिळते, त्यावर काम करता येतं. बनावट वही सापडली तर तपासनीस कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू शकत नाही, आणि बऱ्याच खरेदीदारांकडे हा जास्त तासांपेक्षा कितीतरी गंभीर प्रकार मानला जातो. ऑर्डर थांबण्यापर्यंत वेळ येते. शिवाय त्या वहीत ज्या बाईचे तास गायब होतात तिचे पैसेही गायब होतात. मी मालकांना हे तोंडी सांगतो आणि लेखीही देतो.

त्याच कारणाने कामगारांसाठी ‘विचारलं तर असं उत्तर द्या’ असा कागद कधीही तयार करू नका. तपासनीस चौघांशी वेगवेगळं बोलतो आणि चौघांकडून तेच वाक्य आलं की पढवल्याची नोंद होते. कामगारांसाठी वेगळं, अर्ध्या पानाचं पत्रक मात्र जरूर करा. त्यात एवढंच: कोण येणार आहे, ते मालकांच्या गैरहजेरीत बोलतील, जे खरं आहे ते सांगायचं, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणता येतं, आणि कोण काय बोललं हे मालकांना सांगितलं जात नाही. हे मोठ्याने वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येत असेलच असं नाही.

आता वाक्यरचनेबद्दल. संहितेत ‘पुरवठादार नोंदी ठेवेल’ अशा थाटाची वाक्यं असतात. इंग्रजीत तो बंधनाचा सूर आहे; मराठीत मात्र तो भविष्यकाळ वाटतो, पुढे कधीतरी ठेवू असा. ‘नोंदी ठेवलेल्या असल्याच पाहिजेत’ असं लिहा. जिथे मूळात फक्त अपेक्षा आहे तिथे ‘असाव्यात’ म्हणा, आणि हा भेद अख्ख्या पत्रकात एकसारखा पाळा. ‘कामगारांकडून अनामत घेतली जात नाही ना?’ अशा उलट्या प्रश्नांना ‘हो’ म्हणजे चांगलं की ‘नाही’ म्हणजे चांगलं हे कोणालाच कळत नाही. ते सरळ विधान करा: ‘कामगाराकडून अनामत रक्कम घ्यायची नाही.’ ‘पुरेसा’, ‘योग्य’, ‘सुरक्षित’ हे शब्द दिसले की थांबा आणि डोळ्यांनी बघता येईल असं काहीतरी त्यांच्या जागी ठेवा. ‘बाहेर पडण्याचे मार्ग पुरेसे व सुरक्षित असावेत’ याचा वर्कशॉपमधला अर्थ असा होतो की काम चालू असताना दाराला कुलूप नाही, आतून किल्लीशिवाय उघडतं, आणि दारापर्यंतच्या वाटेत कापडाचे गठ्ठे नाहीत. दारांची संख्या, रुंदी वगैरे तिथल्या नियमांवर अवलंबून असतं. ते तुम्ही मनाने घालू नका.

झालेलं भाषांतर तपासायची माझी पद्धत साधी आहे. पुन्हा इंग्रजीत करून बघण्यात मी वेळ घालवत नाही. मालकांसमोर बसून एकेक मुद्दा वाचतो आणि म्हणतो, ‘हे आणून दाखवा.’ ते उठले आणि बरोबर वही घेऊन आले तर ओळ जमली. जागेवरूनच ‘आहे की’ म्हणाले तर ओळ जमली नाही. मग हाच प्रयोग सुपरवायझरसोबत, कारण ऑडिटच्या दिवशी मालक बाहेर असू शकतात.

या प्रयोगात काय सापडतं त्याचा एक नमुना सांगतो. बालकामगार नसल्याच्या मुद्द्याखाली बहुतेक चेकलिस्टमध्ये ‘प्रत्येक कामगाराच्या वयाचा पुरावा फाईलमध्ये असावा’ अशी ओळ असते. एका वर्कशॉपमध्ये हे वाचल्यावर मालकांनी आतून एक डबा आणला, त्यात सगळ्यांची मूळ ओळखपत्रं होती. त्यांच्या दृष्टीने पुरावा सांभाळून ठेवला होता, हरवू नये म्हणून. पण मूळ कागद मालकाच्या ताब्यात असणं हा सक्तीच्या मजुरीच्या कलमाखालचा दोष आहे; बेस कोडमध्ये कामगाराला ओळखपत्रं किंवा अनामत मालकाकडे ठेवायला लावू नये असं स्पष्ट आहे. एक मुद्दा पाळायला जाऊन दुसरा, त्याहून गंभीर मुद्दा मोडला होता, आणि भाषांतरातल्या ‘पुरावा फाईलमध्ये असावा’ या शब्दांतून ते टळण्यासारखं नव्हतं. आता ती ओळ मी अशी लिहितो:

> वयाचा पुरावा: प्रत्येक कामगाराच्या ओळखपत्राची झेरॉक्स फाईलमध्ये हवी. मूळ ओळखपत्र बघून त्याच दिवशी कामगाराला परत द्यायचं. मूळ कागद वर्कशॉपमध्ये ठेवायचे नाहीत, कामगाराने स्वतः ‘ठेवा’ म्हटलं तरीही नाही. कागद: झेरॉक्सची फाईल, कामावर घेतल्याची तारीख. जागा: कपाटं आणि खण उघडून बघू शकतात. माणूस: कामगाराला विचारतील, ‘तुमचं ओळखपत्र आत्ता कुठे आहे?’

दंडाच्या मुद्द्यालाही असंच खोलात जावं लागतं. ‘शिस्तभंगासाठी वेतनकपात नको’ वाचून मालक मान डोलावतात, पण माल बिघडला तर पीसचे पैसे कापणं ही त्यांच्या मते कपात नसते. उशिरा आल्यावर अर्ध्या दिवसाचे पैसे कापणं हीसुद्धा नसते. म्हणून तिथे त्यांच्या वहीत जी नावं आहेत, ‘डॅमेज’, ‘लेट’, ती घालून विचारा.

काही शब्द मराठीत करूच नका, कारण तपासनीस ते तसेच उच्चारणार: ऑडिट, नॉन-कन्फॉर्मन्स, ऑब्झर्व्हेशन, करेक्टिव्ह अ‍ॅक्शन प्लॅन. शेवटच्या पानावर त्यांचा अर्थ एकेका ओळीत द्या. पहिल्या पानावर मूळ चेकलिस्टची तारीख किंवा आवृत्ती लिहा आणि मतभेद झाला तर मूळ इंग्रजी ग्राह्य धरलं जाईल हेही. तुमचं पत्रक समजण्यासाठी आहे, तपासनीसाशी वाद घालायचा पुरावा म्हणून नाही.

दिवसाच्या शेवटी समारोपाची बैठक होते आणि सापडलेल्या दोषांचा कागद सहीसाठी मालकांसमोर ठेवला जातो. तोपर्यंत ते दमलेले असतात आणि इंग्रजीतलं पान बघून सरळ सही करतात, किंवा घाबरून सही करायलाच नकार देतात. त्या कागदाचा कोरा नमुना आधीच मागवून घ्या आणि त्याचंही भाषांतर याच पत्रकात जोडा. बहुतेक नमुन्यांत सहीचा अर्थ ‘हे मला सांगितलं गेलं’ असा असतो आणि न पटलेला मुद्दा लिहायला वेगळी जागा असते. ती जागा कुठे आहे, तिथे मराठीत लिहिलं तर चालेल का, आणि प्रत्येक दोषापुढे लिहायची मुदत कोण ठरवतं, हे तीन प्रश्न ऑडिट करणाऱ्या संस्थेला आठवडाभर आधी ईमेलने विचारा आणि आलेली उत्तरं त्या पानाला टाचून ठेवा.